वही एकच, कॉम्प्युटर दोन

डहाणू किंवा तलासरीच्या बाजारात टॅली अडली की दुकानातून दोनच वाक्ये ऐकू येतात: ‘टॅली बिघडली’ किंवा ‘डेटा उडाला’. त्यानंतर टॅलीवाल्याला फोन जातो. तो वापीहून किंवा पालघरहून येईपर्यंत गिऱ्हाईक उभे राहते, बिले कागदावर होतात. आलेला माणूस बहुतेक वेळा टॅली काढून पुन्हा टाकतो, आणि काम सुरू झाले की प्रश्न सुटला असे सगळे धरून चालतात.

ही समजूत उथळ आहे आणि दुकानदाराला ती महाग पडते, असे माझे म्हणणे आहे. दोन कॉम्प्युटरच्या दुकानात लायसन्स सर्व्हर न सापडणे आणि डेटा एरर येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत हिशोबाला बहुधा धक्काही लागलेला नसतो. दुसरीत धक्का लागलेला असतो, पण तो मर्यादित असतो. मोठे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईच्या उपायांनी. आणि ही घाई होते, कारण दुकानाची वही नेमकी कोणत्या मशीनवर आहे हे दुकानात कुणी ठरवलेले नसते, कुणाला ठाऊकही नसते.

१. एका स्क्रीनमागच्या दोन वाटा

दुकानाच्या मागच्या कॉम्प्युटरवर टॅली उघडते तेव्हा ती पुढच्या काउंटरवरच्या मेन मशीनकडे दोन स्वतंत्र वाटांनी जाते. एक वाट परवान्याची. अनेक कॉम्प्युटरवर चालणारे गोल्ड लायसन्स एकाच मशीनवर चालू केलेले असते. त्या मशीनवर Tally Gateway Server नावाची सेवा विंडोजच्या पोटात सतत चालू असते आणि ठरलेल्या दारावर, म्हणजे साधारणपणे 9999 क्रमांकाच्या पोर्टवर, दुसऱ्या कॉम्प्युटरला परवाना देते. दुसरी वाट वहीची. हिशोबाच्या फायली मेन मशीनवरच्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि मागचा कॉम्प्युटर तो फोल्डर नेटवर्कवरून उघडून थेट त्या फायलींत लिहितो.

यातले ‘थेट’ हे दुकानदाराने नीट समजून घ्यावे. बँकेच्या व्यवस्थेत मधला एक सर्व्हर प्रत्येक नोंद तपासून स्वतः लिहितो. साध्या गोल्ड लायसन्सच्या दुकानात वहीच्या बाबतीत असा मधला कारकून नसतो. वही एकच आणि लिहिणारे हात दोन. गेटवे सर्व्हर फक्त परवाना देतो. वही तो सांभाळत नाही.

म्हणून निदानाचा पहिला प्रश्न असा: अडले आहे ते परवान्याच्या वाटेवर की वहीच्या? मागच्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला फोल्डर उघडतो, पण टॅली लायसन्स नाही म्हणते, तर वही जागेवर आहे. बिघाड सेवेचा, पत्त्याचा किंवा फायरवॉलचा आहे. फोल्डरही उघडत नाही आणि लायसन्सही नाही, तर दोष आणखी खालचा आहे: मेन मशीन बंद आहे, झोपले आहे, वायर निघाली आहे किंवा स्विचला वीज नाही. लायसन्स व्यवस्थित दिसते, पण कंपनी उघडताना एरर येते, तर मात्र वहीकडे पाहावे लागते. एवढे कळायला पाच मिनिटे पुरतात, आणि ती देण्याआधी टॅली काढून पुन्हा टाकायला कोणतेही कारण नसते.

एक अपवाद आधीच बाजूला काढतो. पुष्कळ लहान दुकानांत सिल्व्हर लायसन्स असते आणि ते एकाच कॉम्प्युटरसाठी असते. अशा दुकानात दुसऱ्या मशीनवर परवाना मिळत नसेल तर बिघाड झालेलाच नाही. आपण जे घेतलेले नाही ते मिळत नाही, एवढेच. आधी लायसन्स कोणते आहे ते पाहावे. नसलेला दोष शोधण्यात दिवस जातात.

२. लायसन्स सर्व्हर सापडत नाही: एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, तलासरीत हायवेलगत सिमेंट, पत्रे आणि सळईचे दुकान आहे. पुढच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरचे नाव `COUNTER`. लायसन्स आणि वही त्यावर. मागे गोदामात दुसरा कॉम्प्युटर. जुलैत रात्री वीज गेली आणि पहाटे आली. सकाळी काउंटरवर टॅली नेहमीसारखी उघडते. गोदामात मात्र लायसन्स सर्व्हर सापडत नाही असा संदेश येतो. शेअर केलेला फोल्डर तिथूनही उघडतो आहे.

वीज आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने सगळ्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटले. काल `192.168.1.5` वर असलेले काउंटरचे मशीन आज `192.168.1.7` वर आहे. फोल्डर `\\COUNTER\TallyData` असा नावाने जोडलेला असल्यामुळे त्याला फरक पडला नाही. लायसन्स सर्व्हरच्या जागी मात्र जोडणाऱ्याने त्या दिवशीचा आकडी पत्ता टाकून ठेवला होता, आणि गोदामातली टॅली तिथेच हाका मारते आहे.

या प्रकारात एक चकवा आहे. जुन्या पत्त्याला `ping` केले तर कधी कधी उत्तर येते, कारण तो पत्ता आता प्रिंटरला किंवा कुणाच्या मोबाइलला मिळालेला असतो. मग ‘नेटवर्क ठीक आहे, म्हणजे टॅलीच खराब’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून तपास पोर्टपर्यंत न्यावा. गोदामातल्या कॉम्प्युटरवर पॉवरशेल उघडून दोन ओळी द्याव्यात:

```
ping COUNTER
Test-NetConnection COUNTER -Port 9999
```

दुसऱ्या ओळीच्या उत्तरात `TcpTestSucceeded : True` आले तर नावाने गेल्यास दार उघडे आहे. मग टॅलीच्या लायसन्स सेटिंगमध्ये आकडी पत्त्याऐवजी `COUNTER` हे नाव आणि 9999 हा पोर्ट टाकला की काम संपते. राउटरमध्ये त्या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेवला तर आणखी बरे.

`False` आले आणि `ping` ला मात्र उत्तर मिळाले, तर मेन मशीनपाशी जावे. तिथे `services.msc` उघडून Tally Gateway Server पुढे `Running` लिहिले आहे का ते पाहावे. नसेल तर सेवा सुरू करावी आणि ती विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल अशी ठेवावी. ती चालू असूनही दार बंद असेल तर अडवणूक फायरवॉलची किंवा अँटिव्हायरसची आहे. राउटर बदलल्यावर विंडोज नव्या नेटवर्कला सार्वजनिक समजू शकते आणि मग शेजारच्या मशीनलाही आत येऊ देत नाही. पूर्ण फायरवॉल बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. नेटवर्क खाजगी ठरवावे आणि टॅलीच्या सेवेला तेवढी परवानगी द्यावी.

`ping` लाच उत्तर नसेल तर मशीन जागे आहे का ते आधी बघावे. काउंटरवरचा माणूस चहाला गेला की विंडोज अर्ध्या तासात झोपते, आणि त्याबरोबर गोदामाचा परवानाही जातो. दुपारी ठरावीक वेळी येणाऱ्या लायसन्सच्या तक्रारीत मी सर्वांत आधी ही सेटिंग पाहीन. या सगळ्यात वहीला कुणी हात लावलेला नाही आणि लावायची गरजही नव्हती.

३. घाईचे दोन उपाय

हेच दुकान घाईत काय करते? पहिला मार्ग म्हणजे परवान्याशिवाय Educational मोडमध्ये पुढे जाणे. या मोडमध्ये महिन्याच्या 1, 2 आणि 31 या तारखांनाच नोंद करता येते. तिथे कंपनी उघडली आणि 8 जुलैची विक्री 2 जुलैला टाकली, तर वही आणि वास्तव यांत सहा दिवसांचा फरक पडतो. तलासरीत याचे वजन जास्त आहे. इथला माल भिलाड, उंबरगाव, सिल्वासाकडे जातो. बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी आयजीएसटी लागतो. माल राज्याबाहेर जात असेल तर 50,000 रुपयांच्या पुढे ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाख आहे. ई-वे बिलावर 8 तारीख आणि वहीत 2 तारीख, हा फरक अच्छाडजवळ गाडी थांबवून कागद पाहणाऱ्याच्या लक्षात येईल किंवा येणारही नाही. विवरणपत्र भरताना तो नक्की येतो. टॅली बंद असताना ई-वे बिल थेट पोर्टलवर जाऊन करता येते. बिल हाताने लिहावे आणि परवाना आल्यावर खऱ्या तारखेला चढवावे.

दुसरा मार्ग अधिक घातक आहे. ‘तात्पुरते काम चालू राहू दे’ म्हणून वहीचा फोल्डर गोदामातल्या मशीनवर कॉपी केला जातो. त्या क्षणी दुकानात दोन वह्या झाल्या. काउंटरवर बिल क्रमांक 411 एका गिऱ्हाइकाच्या नावे फाटते, गोदामात 411 दुसऱ्याच्या. सीजीएसटी नियम 46 नुसार बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. दोन्हीकडचा साठा वेगळा, उधारी वेगळी, रोख शिल्लक वेगळी. आणि हे समजते केव्हा? जुलैची विक्री जीएसटीआर-1 मध्ये दाखवायची वेळ येते, म्हणजे 11 ऑगस्टच्या तोंडावर. तोवर दोन्ही वह्यांत महिनाभराच्या नोंदी झालेल्या असतात. एका वहीतल्या नोंदी काढून दुसरीत आयात करता येतात, पण कोणती नोंद खरी हे टॅली सांगू शकत नाही. ते कागदावरची बिले हातात घेऊन माणसालाच ठरवावे लागते.

राउटरने पत्ता बदलला ही दहा मिनिटांची अडचण होती. तिचा महिनाभराचा घोळ उपायाने केला.

४. डेटा एरर: इथे खरेच काही मोडलेले असते

आता दुसरी घटना. विक्रीची एक नोंद सेव्ह होते तेव्हा एकाच फाइलमध्ये एक ओळ वाढते असे नाही. व्हाउचर, गिऱ्हाइकाचे खाते, मालाचा साठा, त्या दिवसाची यादी अशा अनेक ठिकाणी लिहिले जाते. यातले अर्धे लिहून झाल्यावर वीज गेली किंवा नेटवर्क तुटले, तर फायली एकमेकींशी जुळत नाहीत. पुढच्या वेळी टॅली त्या उघडते, विसंगती दिसते आणि ती थांबते. हे थांबणे वहीच्या भल्याचे आहे.

दुकानात सर्रास ऐकू येणारे स्पष्टीकरण असे असते की दोघांनी एकदम एंट्री केली म्हणून डेटा बिघडला. ते चूक आहे. दोघांनी एकाच वेळी नोंदी करणे यासाठीच तर गोल्ड लायसन्स असते. दोष एकदम लिहिण्याचा नाही, लिहिता लिहिता तुटण्याचा आहे.

आपल्या भागात ते कुठे तुटते? डहाणूत 500 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे, पण पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की दुकानातला दिवा जायचा तो जातोच. बहुतेक दुकानदार यूपीएस घेतात आणि दोन्ही कॉम्प्युटर त्यावर जोडतात. राउटर आणि स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या प्लगवर राहतात. वीज जाते तेव्हा दोन्ही स्क्रीन चालू असतात, म्हणून सगळे ठीक वाटते. पण मधला रस्ता त्याच क्षणी गेलेला असतो आणि गोदामातून चाललेली नोंद अर्धवट लटकते. दोनशे-तीनशे वॅटचा भार सोसणाऱ्या यूपीएसला राउटर आणि लहान स्विच हे ओझेच नाही. त्यांचा प्लग यूपीएसवर घेणे हा मला या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वाटतो. गोदामातला कॉम्प्युटर वायफायवर असेल तर तिथे केबल ओढावी, याचेही कारण हेच. पत्र्याच्या भिंतीपलीकडे वायफाय तुटत-जुळत राहते. मोबाइलवर व्हिडिओ पाहताना ते कळतही नाही. फाइलमध्ये लिहिताना ते भोवते.

आणखी दोन कारणे थोडक्यात. वहीचा फोल्डर ऑनलाइन ड्राइव्हशी आपोआप जुळणाऱ्या जागेत ठेवला, तर टॅली लिहीत असतानाच दुसरा प्रोग्राम त्याच फायली उचलू लागतो. चालती वही अशा जागी ठेवू नये. आणि दोन मशीनवर टॅलीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील तर नव्या आवृत्तीत रूपांतर झालेली वही जुनीत उघडत नाही. वही शाबूत असते, पण संदेश घाबरवणारा येतो. दोन्हीकडे आवृत्ती एकच आहे का, हे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाहावे.

५. दुरुस्ती म्हणजे उपचार, तपासणी नव्हे

टॅली ईआरपी 9 मध्ये `Ctrl+Alt+R` दाबून डेटा नव्याने लिहिता येत असे. टॅलीप्राइममध्ये `Alt+Y` खाली Repair आहे. एरर आली की लगेच ही कळ दाबणे हा बाजारातला रिवाज झाला आहे. ही क्रिया नेमके काय करते हे समजले तर तो हात थबकेल. ती वाचता येणाऱ्या नोंदी वाचते आणि त्यांवरून फायलींची जुळणी पुन्हा उभारते. जी नोंद वाचताच येत नाही ती परत येईल याची हमी तिच्यात नाही. एरर गेली म्हणजे वही पूर्ण झाली असे नव्हे. उरले ते आपापसांत जुळले, एवढेच.

म्हणून क्रम असा असावा. दोन्ही मशीनवरची टॅली बंद करावी. कंपनीचा अख्खा फोल्डर, मोडलेला आहे तसाच, वेगळ्या डिस्कवर कॉपी करून ठेवावा, कारण दुरुस्ती फसली तर परतण्याची जागा तीच. मग मेन मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर दुसरी प्रत घेऊन त्या प्रतीवर दुरुस्ती चालवावी. नेटवर्कवरून कधीच चालवू नये: ज्या रस्त्यावर वही तुटली तिथेच तिचे टाके घालायचे नाहीत. दुरुस्त प्रत उघडली की Statistics अहवालात प्रत्येक प्रकारच्या व्हाउचरची संख्या पाहावी आणि शेवटच्या चांगल्या बॅकअपमधल्या संख्येशी ताडावी. विक्रीच्या रजिस्टरमध्ये क्रमांक सुटला आहे का पाहावे. 408 नंतर थेट 410 आले तर 409 चे कागदी बिल शोधून ते पुन्हा चढवावे. गल्ल्यातली रोख आणि वहीतली रोख जुळवावी. हे सगळे जुळले तरच ती प्रत मूळ जागी ठेवून गोदामातल्या माणसाला काम सुरू करायला सांगावे. मोडकी प्रत त्या महिन्याचे विवरणपत्र भरेपर्यंत पुसू नये.

बॅकअप परत आणतानाही याच जातीची एक चूक होते. शुक्रवारचा बॅकअप थेट चालत्या फोल्डरवर रिस्टोअर केला जातो, आणि शनिवार-सोमवारच्या ज्या नोंदी कदाचित वाचवता आल्या असत्या त्यांवर तो बसतो. रिस्टोअर नेहमी रिकाम्या, नव्या फोल्डरमध्ये करावे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप रास्त आहे: वीज गेली म्हणून वही मोडत असेल तर दोष सॉफ्टवेअरचाच नाही का? अंशतः आहे. थेट फायलींत लिहिण्याची ही रचना दुकानदारावर असा भार टाकते, ज्याची जाणीव विकताना त्याला करून दिली जात नाही. वहीसाठी मधला सर्व्हर देणारे टॅलीप्राइम सर्व्हर हे वेगळे उत्पादन कंपनीकडे आहे, म्हणजे ही उणीव तिलाही ठाऊक आहे. त्याचे वेगळे पैसे दोन कॉम्प्युटरच्या दुकानाने भरावेत, असे मी म्हणणार नाही. विक्रेत्याने मात्र जोडणी करतानाच सांगावे की मेन मशीन हे आता नुसते काउंटर राहिलेले नाही.

दुसरा आक्षेप: मग टॅली क्लाउडवर ठेवावी. वीज आणि डिस्क यांची चिंता त्याने खरोखर कमी होते. पण मग दोन्ही कॉम्प्युटर इंटरनेटच्या एका तारेवर लटकतात. ती तुटली की गोदामाबरोबर काउंटरही थांबते. आज निदान काउंटर चालू राहते. शिवाय तिथल्या बॅकअपची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रचलित: ‘आमचा डेटा सीएकडे असतोच.’ सीएकडे असते ती गेल्या विवरणपत्राच्या वेळची प्रत. त्यानंतरची विक्री, उधारी, साठा तिच्यात नाही. आणि कायद्याने ही जबाबदारी दुकानदाराची आहे. सीजीएसटी नियम 57 सांगतो की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा योग्य बॅकअप ठेवावा, अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी मुदतीत माहिती परत मिळवता आली पाहिजे. डहाणू-तलासरीत नैसर्गिक कारण म्हणजे कागदावरचा शब्द नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक रात्री घराबाहेर झोपले होते. ज्या इमारतीत मेन मशीन आहे त्याच इमारतीच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह हा अशा वेळचा बॅकअप ठरत नाही. एक प्रत घरी किंवा दुसऱ्या गावात असावी.

‘एवढा वेळ कुणाला आहे’ हा चौथा आक्षेप. रोज दुकान बंद करताना बॅकअपला जाणारा वेळ आणि 10 ऑगस्टच्या रात्री दोन वह्यांतली बिले समोरासमोर ठेवून जुळवण्याचा वेळ, यांची तुलना दुकानदाराने स्वतःच करावी.

७. दुकानाने ठरवायच्या गोष्टी

मेन मशीनवर एक कागद चिकटवावा: या मशीनचे नाव, वहीचा फोल्डर, लायसन्सचा प्रकार, पोर्ट 9999, शेवटचा बॅकअप कधी आणि कुठे. हे मशीन फॉरमॅट करण्यापूर्वी लायसन्स सरेंडर करायचे आहे, हेही त्यावर असावे, नाहीतर नव्या विंडोजवर परवाना पुन्हा मिळवताना अडचण येते. नवा कामगार किंवा नवा टॅलीवाला येईल तेव्हा त्याला आधी हा कागद दाखवावा, आणि वहीची दुसरी चालती प्रत कुठेही करायची नाही, हे त्याला तोंडाने सांगावे.

डहाणू आणि तलासरीतल्या दुकानदारांना माझी विनंती एवढीच आहे: आज दुकान बंद केल्यावर शेवटचा बॅकअप एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, त्यातला ट्रायल बॅलन्स बॅकअप घेतलेल्या दिवसाच्या ट्रायल बॅलन्सशी ताडून पाहा, आणि जुळला नाही तर उद्या दुकान उघडण्याआधी टॅलीवाल्याला बोलवा.